साठवलेला आकडा आणि मोजलेला आकडा



स्मृतिव्याख्यानाला विषय भारदस्त असावा, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र आज एका आकड्याबद्दल बोलणार आहे. दुकानाच्या काउंटरवर विक्रेता वस्तूचं नाव टाइप करतो आणि पडद्यावर उमटतं: प्रेशर कुकर, पाच लिटर, शिल्लक १०. हा दहा कुठून आला? तासभर आपण या एकाच प्रश्नाभोवती फिरणार आहोत.

तो येण्याच्या वाटा दोनच आहेत. एक, कुणीतरी डेटाबेसच्या एका कॉलममध्ये दहा लिहून ठेवला होता, तो वाचून दाखवला. दुसरी, आजवरची सगळी आवक आणि सगळी जावक यांची बेरीज आत्ता, या क्षणी केली आणि उत्तर दहा आलं. पहिल्याला मी साठवलेला आकडा म्हणेन, दुसऱ्याला मोजलेला आकडा.

ज्यांच्या घरी दुकान होतं, त्यांच्यासाठी यात नवं काही नाही. कीर्दीत व्यवहार जसा घडेल तशी नोंद, खतावणीत खात्याची बाकी. बाकी चुकली तर कीर्द काढून पुन्हा बेरीज मारायची, हे मुनिमाला कुणी शिकवावं लागत नसे. मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की मुनीम एक होता आणि वही एकाच्याच हातात असायची. आपल्या संगणकात चाळीस मुनीम एकाच वेळी एकाच पानावर लिहीत असतात, आणि त्यातला प्रत्येक जण समजतो की वही फक्त आपल्या हातात आहे.

आजची सगळी उदाहरणं मी पोस्टग्रेसवर देईन. इथले बरेच तरुण तोच डेटाबेस वापरतात, आणि नेमकं बोलायचं तर एका डेटाबेसला धरूनच बोलावं लागतं. टेबलं दोन. `movement` या टेबलात प्रत्येक आवक-जावक नोंदली जाते. आवक अधिक, जावक उणे. `item` या टेबलात वस्तू आहेत, आणि तिथे `stock` नावाचा एक कॉलम आहे. तो कॉलम म्हणजे आपला साठवलेला आकडा. काटेकोर शिक्षक सांगतील की हा कॉलम नकोच. जे नोंदींतून काढता येतं ते पुन्हा कशाला लिहायचं? प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर मात्र पुस्तकात असतं त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी सापडतं, आणि तिथपर्यंत आपल्याला पायरीपायरीने जायचं आहे.

पहिला मुद्दा: वाचा, वजा करा, लिहा

कुकर दहा आहेत. दोन काउंटर आहेत. पहिल्यावर तीन कुकरांचं बिल होतंय, दुसऱ्यावर चारांचं. दोन्ही बिलं एकाच सेकंदात. दोन्हीकडे प्रोग्राम हेच करतो:

```sql
SELECT stock FROM item WHERE id = 42;   -- 10
-- प्रोग्राममध्ये: 10 - 3 = 7
UPDATE item SET stock = 7 WHERE id = 42;
```

पहिल्या काउंटरने दहा वाचले. दुसऱ्यानेही दहाच वाचले, कारण पहिल्याने अजून काही लिहिलेलं नाही. पहिल्याने सात लिहिले. दुसऱ्याने दहातून चार वजा करून सहा लिहिले. शेवटी कॉलममध्ये काय राहिलं? सहा. फळीवर किती कुकर आहेत? तीन. तीन कुकरांची विक्री कॉलममधून पुसली गेली. कुठेही एरर आला नाही, लॉगमध्ये काही नाही, दोन्ही गिऱ्हाइकं पावती घेऊन गेली. सहा हा आकडा लक्षात ठेवा. तो आज पुन्हा भेटणार आहे.

या प्रकाराला लॉस्ट अपडेट म्हणतात. हल्लीच्या ओआरएममध्ये तो फार सभ्य वेशात येतो. जँगोमध्ये `item.stock -= 3` आणि पुढच्या ओळीत `item.save()`. वाचायला किती सरळ! पण डेटाबेसकडे जातं ते 'तीन वजा कर' हे सांगणं नव्हे, 'सात लिही' हे सांगणं. चाचण्यांमध्ये हे सापडत नाही, कारण चाचणी लिहिणारा एकटाच असतो. सापडतं ते दिवाळीच्या आठवड्यात.

इलाज एका वाक्याचा आहे. वजाबाकी प्रोग्राममधून काढा आणि डेटाबेसला करू द्या:

```sql
UPDATE item SET stock = stock - 3
WHERE id = 42 AND stock >= 3;
```

आता काय होतं ते सावकाश पाहू. पहिल्या काउंटरचं वाक्य त्या रोवर लॉक घेतं. दुसऱ्याचं वाक्य येऊन थांबतं. पहिला कमिट करतो, कॉलममध्ये सात होतात. दुसरा जागा होतो आणि पोस्टग्रेस त्याला जुना दहा देत नाही. रोची नवी प्रत घेऊन अट पुन्हा तपासतं. सात हे चारपेक्षा कमी नाहीत ना? नाहीत. मग सातातून चार, उरले तीन. बरोबर. आणि माल पुरेसा नसेल तर? अट खोटी ठरते, शून्य रो बदलतात. तो शून्य प्रोग्रामने वाचायचा आणि गिऱ्हाइकाला 'माल संपला' म्हणायचं. तपासणी आणि वजाबाकी एकाच वाक्यात झाल्या. मध्ये कुणाला शिरायला फटच राहिली नाही. जँगोत याचसाठी `F('stock') - 3` आहे.

मी सांगितलं ते पोस्टग्रेसच्या नेहमीच्या, रीड कमिटेड या पातळीवरचं वर्तन. एक पायरी वर, रिपीटेबल रीडवर गेलात तर दुसऱ्या काउंटरला `40001` हा एरर मिळतो आणि अख्खं ट्रान्झॅक्शन पुन्हा करावं लागतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत नेहमीची पातळीच रिपीटेबल रीड आहे. पण तिथे साध्या `SELECT` ने वाचून मग आकडा लिहिला तर असा एरर येत नाही, लॉस्ट अपडेट गुपचूप होतो. नाव एक, वागणूक दोन. डेटाबेस बदलणाऱ्यांनी हे विसरू नये.

हा सगळा काथ्याकूट चार कुकरांसाठी, असं वाटत असेल तर एक जाहीर घटना सांगतो. मार्च २०१४ मध्ये फ्लेक्सकॉइन नावाची कॅनडातली बिटकॉइन ठेवणारी सेवा बंद पडली. तिच्यातून ८९६ बिटकॉइन गेले होते. हल्लेखोराने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम हलवण्याच्या हजारो विनंत्या एकदम पाठवल्या. बाकी बदलण्याच्या आतच पुढची विनंती जुनीच बाकी पाहून मंजूर होत गेली. तिथे कुलूप कुणी फोडलं नव्हतं. तपासणी आणि वजाबाकी यांच्यामधली फट तेवढी होती.

दुसरा मुद्दा: मोजलेला आकडा खरा, पण हाती न लागणारा

हे ऐकून कुणीही समंजस माणूस म्हणेल, कॉलमच काढून टाका. आकडा साठवलाच नाही तर तो चुकेल कसा?

```sql
SELECT COALESCE(SUM(qty), 0) FROM movement WHERE item_id = 42;
```

मला हा विचार मनापासून आवडतो, आणि बहुतेक छोट्या प्रणालींनी सुरुवात इथूनच करावी. एका वस्तूच्या काही हजार नोंदी असतील आणि `item_id` वर इंडेक्स असेल, तर ही बेरीज काही मिलिसेकंदांचं काम आहे. पोस्टग्रेस ११ पासून इंडेक्समध्येच `INCLUDE (qty)` म्हणून रक्कम ठेवता येते. मग बऱ्याचदा मूळ टेबलाकडे जावंही लागत नाही. 'बेरीज हळू असते' म्हणून पहिल्या दिवशीच कॉलम घालणारे बहुधा मोजून पाहत नाहीत. बेरीज हळू होते ती नोंदी लाखांत गेल्यावर, किंवा पाचशे वस्तूंची यादी एकाच पानावर शिल्लकेसह दाखवायची झाल्यावर.

जाता जाता एक गंमत सांगतो. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम इंजिनात `COUNT(*)` क्षणात यायचं, कारण टेबलातल्या एकूण रोंची संख्या ते लिहूनच ठेवत असे. इनोडीबी आणि पोस्टग्रेस तशी लिहून का ठेवत नाहीत? कारण त्यांच्याकडे एकाच क्षणी दोन ट्रान्झॅक्शनना दोन वेगळ्या संख्या दिसू शकतात, आणि दोन्ही बरोबर असतात. ज्याचं कमिट अजून व्हायचं आहे त्याच्या नोंदी त्याला दिसतात, इतरांना दिसत नाहीत. मग सर्वांसाठी एक संख्या लिहायची तरी कुठली?

आणि नेमकी इथेच मोजलेल्या आकड्याची दुखरी जागा आहे. आपल्या दुकानात आता तीन कुकर उरलेत. कॉलम नाही, फक्त नोंदी आहेत. पुन्हा दोन काउंटर, दोघांकडे प्रत्येकी दोन कुकरांची मागणी. पहिला बेरीज करतो: तीन. पुरेसे आहेत. दुसरा बेरीज करतो: तीन. पुरेसे आहेत. पहिला उणे दोनची नोंद घालतो, दुसराही उणे दोनची नोंद घालतो. दोघेही कमिट. आता बेरीज करा. उणे एक.

बेरीज चुकली का? अजिबात नाही! उणे एक हा अगदी अचूक आकडा आहे. जो कुकर दुकानात नव्हता तो आपण विकला, हे तो प्रामाणिकपणे सांगतो आहे. मोजलेला आकडा कधी खोटं बोलत नाही. पण तो घडून गेल्यावर बोलतो.

डेटाबेसने हे अडवलं का नाही? कारण दोघांनी एकच रो बदलली नाही. प्रत्येकाने आपापली नवी रो घातली, आणि नव्या रोंमध्ये भांडण कसलं? दोघांना आडवं येईल असं काही तिथे नव्हतंच. बरं, बेरजेलाच लॉक लावू म्हटलं तर पोस्टग्रेस `SUM` बरोबर `FOR UPDATE` चालवूनच घेत नाही. जुन्या सगळ्या नोंदींना एकेक करून लॉक लावलंत तरी अजून न घातलेली नोंद कशी अडणार? जे अस्तित्वात नाही त्याला लॉक लागत नाही.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की कॉलमचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळ्या जागी आहे. पुस्तक सांगतं, साठवलेला कॉलम वेगासाठी असतो. माझं म्हणणं असं की शिलकीसारख्या आकड्यात, जो शून्याखाली जायचा नाही अशा आकड्यात, कॉलमचं पहिलं काम वेग हे नाहीच. त्याचं पहिलं काम आहे धरायला जागा देणं. दहा हजार नोंदींच्या बेरजेला कुणी हात घालू शकत नाही. एका रोला घालू शकतं.

दुसरे दोन मार्ग आहेत, तेही सांगतो. एक, ट्रान्झॅक्शन सीरियलायझेबल पातळीवर चालवा. पोस्टग्रेसमध्ये ९.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, ही पातळी आपलं उदाहरण खरोखर पकडते. दोघांपैकी एकाला `40001` मिळतो. अट एवढीच की या नोंदींना हात लावणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन त्याच पातळीवर हवं, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा प्रयत्न करणारा कोड हवा. दुसरा मार्ग, कॉलम नसला तरी `item` ची रो तर आहेच. बेरजेआधी तिलाच `SELECT ... FOR UPDATE` ने लॉक करा आणि मग बेरीज करा. उत्तम मार्ग आहे. पण पाहा, इथेही आपण धरायला एक रो शोधलीच. शिवाय हा मार्ग रीड कमिटेडवरच चालतो. रिपीटेबल रीडवर ट्रान्झॅक्शनचं चित्र लॉकसाठी थांबण्याआधीच काढलेलं असतं. लॉक मिळतं, पण बेरीज जुनीच दिसते. आणि आधीच्याने रो नुसती लॉक केली होती, बदलली नव्हती, म्हणून एररही येत नाही.

तिसरा मुद्दा: मोजून साठवणं, म्हणजे दोन्हीकडचे दोष

आता हुशार माणूस म्हणतो, वजाबाकीची भानगडच नको. प्रत्येक नोंदीनंतर ट्रिगर चालवू, आणि ट्रिगरमध्ये सगळी बेरीज नव्याने करून कॉलममध्ये लिहू. मागे काही चुकलं असेल तर तेही आपोआप दुरुस्त होईल.

```sql
UPDATE item
SET stock = (SELECT SUM(qty) FROM movement WHERE item_id = 42)
WHERE id = 42;
```

किती सुरक्षित दिसतं, नाही? पुन्हा पहिलं उदाहरण घेऊ. दहा कुकर, एक बिल तीनचं, एक चारचं. पहिल्याने उणे तीनची नोंद घातली, बेरीज केली, सात लिहिले. कमिट अजून व्हायचं आहे. दुसऱ्याने उणे चारची नोंद घातली आणि त्याचं `UPDATE` रोच्या लॉकपाशी थांबलं. पहिल्याचं कमिट झालं. दुसरा पुढे सरकला. पोस्टग्रेसने त्याला `item` ची नवी रो दिली, हे खरं. पण आतली बेरीज `movement` या वेगळ्या टेबलावरची आहे, आणि ती वाक्य सुरू झालं तेव्हाच्या चित्रावरच होते. त्या चित्रात पहिल्याची उणे तीन नाही. मग बेरीज किती? दहा वजा चार, सहा.

तोच सहा! लॉस्ट अपडेटने दिला होता तोच, आणि आता 'नव्याने मोजून' मिळालेला. खरी शिल्लक तीनच आहे. लॉक होतं, बेरीज होती, एकच वाक्य होतं, तरीही आकडा चुकला. यातून घ्यायचं ते एवढंच: लॉक आधी मिळालं पाहिजे आणि बेरीज त्यानंतर सुरू झालेल्या वेगळ्या वाक्यात झाली पाहिजे. क्रम उलटला की संपलं.

ट्रिगर लिहायचाच असेल तर फरकाचा लिहा: `stock = stock + NEW.qty`. तो बरोबर चालतो, कारण त्याला लागणारं सगळं त्या एका रोतच आहे. पण मग नोंद दुरुस्त झाली तर? पुसली तर? ती चुकून दुसऱ्या वस्तूच्या नावे घातली होती आणि कुणी `item_id` च बदलला तर? प्रत्येक शक्यतेसाठी ट्रिगरला एक शाखा फुटते. `TRUNCATE` तर रो-पातळीच्या ट्रिगरला विचारतही नाही. सोपा उपाय असा: `movement` वरचे `UPDATE`, `DELETE` आणि `TRUNCATE` चे अधिकारच काढून घ्या. चूक झाली तर उलट नोंद करा. मग ट्रिगरला फक्त `INSERT` सांभाळायचं राहतं.

चौथा मुद्दा: धरण्याची किंमत

साठवलेल्या आकड्याला धरता येतं, हे त्याचं बळ. पण एकाने धरलं की बाकीचे थांबतात. किती वेळ? कमिट होईपर्यंत. रोवरचं लॉक वाक्य संपल्यावर सुटत नाही, ट्रान्झॅक्शन संपल्यावर सुटतं. गणित सोपं आहे. लॉक घेतल्यापासून कमिटपर्यंत पाच मिलिसेकंद लागत असतील, तर त्या एका कुकरची सेकंदाला जास्तीत जास्त दोनशे बिलं होतील. दुकानाला ती भरपूर. पण कुणी लॉक घेऊन झाल्यावर, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून, पैसे भरण्याच्या सेवेला हाक मारली आणि तिकडून उत्तर यायला दोन सेकंद लागले, तर? मिनिटाला तीस बिलं. सर्व्हर कितीही मोठा घ्या, तीसच. अशा वेळी प्रोसेसर निवांत दिसतो आणि `pg_stat_activity` मध्ये `wait_event_type` खाली `Lock` ची रांग दिसते. हे चित्र दिसलं की हार्डवेअरकडे पाहू नका. ट्रान्झॅक्शन उघडून कोण कुणाची वाट पाहत बसलंय ते शोधा.

दुसरी किंमत डेडलॉकची. एका बिलात आधी कुकर मग कढई, दुसऱ्यात आधी कढई मग कुकर. पहिल्याने कुकरची रो धरली, दुसऱ्याने कढईची, आणि दोघंही एकमेकांच्या वाटेकडे डोळे लावून बसले. पोस्टग्रेस नेहमीच्या सेटिंगला एक सेकंद थांबून मग तपासतं आणि एकाला `40P01` देऊन बाहेर काढतं. इलाज: बिलातल्या वस्तू कायम `id` च्या क्रमाने घ्या. सगळे एकाच दिशेने चालले की वर्तुळ तयारच होत नाही.

तिसरी किंमत डोळ्याला दिसत नाही. पोस्टग्रेस रो जागेवर बदलत नाही. नवी प्रत लिहितं आणि जुनी व्हॅक्यूमसाठी सोडतं. `item` मध्ये वर्णन, कर, शोधाचे शब्द असे चाळीस कॉलम असतील, तर एका कुकरच्या विक्रीसाठी ती सगळी रो नव्याने लिहिली जाते. म्हणून शिलकीला वेगळं, अरुंद टेबल द्या, आणि `stock` वर इंडेक्स लावू नका. इंडेक्स नसला आणि पानात जागा असली तर नवी प्रत त्याच पानात, इंडेक्सला न शिवता बसते.

या रांगेचा प्रश्न जुना आहे. पॅट्रिक ओनील यांनी १९८६ मध्ये एस्क्रो पद्धत मांडली ती यासाठीच: दहांपैकी तीन बाजूला राखून ठेवा, उरलेल्या सातांवर इतरांना पुढे जाऊ द्या, सगळ्यांनी एका लॉकवर का थांबायचं? आणि जिथे शून्याची सीमाच नाही, म्हणजे एखादा व्हिडिओ किती जणांनी पाहिला असे आकडे, तिथे आकड्याचे दहा तुकडे करून दहा रोंत ठेवता येतात. लिहिताना कुठलाही एक घ्या, वाचताना दहांची बेरीज करा. शिलकीला मात्र हे सहज जमत नाही. एका तुकड्यात माल संपला आणि दुसऱ्यात पडून आहे, अशी वेळ येते.

मधला मार्ग व्यापाऱ्यांना ठाऊक आहे: काल रात्रीची शिल्लक साठवायची आणि आजच्या नोंदींची बेरीज त्यात मिळवायची. वाचायला चांगला मार्ग, पण सीमारेषेवर सांभाळा. एक विक्री ११:५९:५८ ला सुरू झाली. पोस्टग्रेसमधलं `now()` ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, म्हणून नोंदीवर तीच वेळ. कमिट झालं १२:००:०३ ला. तुमचं शिल्लक काढणारं काम चाललं १२:००:०१ ला. त्याला ती नोंद दिसली नाही. उद्याची बेरीज बाराच्या पुढच्या नोंदींची, तिच्यातही ती येणार नाही. ती विक्री कायमची दोन्हीकडून निसटली. म्हणून बारापर्यंतचा हिशोब बाराला करू नये. पहाटे तीनला करावा, आणि `pg_stat_activity` मधल्या `xact_start` वरून बाराच्या आधी सुरू झालेलं कुठलंही ट्रान्झॅक्शन उघडं नाही, याची खात्री करून करावा.

पाचवा मुद्दा: चुकल्याचं कळणार कसं?

साठवलेला आकडा ठेवणाऱ्याने त्याच दिवशी त्याची पडताळणीही लिहिली पाहिजे. ती एवढीच असते:

```sql
SELECT i.id, i.stock, COALESCE(SUM(m.qty), 0) AS mojlela
FROM item i LEFT JOIN movement m ON m.item_id = i.id
GROUP BY i.id, i.stock
HAVING i.stock <> COALESCE(SUM(m.qty), 0);
```

हे एकच वाक्य ठेवण्याला कारण आहे. एका वाक्याला सगळा डेटा एकाच क्षणाचा दिसतो. नोंद आणि कॉलम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलत असतील, तर भर बाजाराच्या वेळीही ही क्वेरी खोटा गजर करणार नाही. आधी कॉलम वाचायचे, मग प्रोग्राममध्ये बेरजा घ्यायच्या असं दोन वाक्यांत केलंत, तर मधल्या विक्रीमुळे रोज खोटे फरक दिसतील, आणि आठवड्याभरात तो अहवाल कुणी उघडणार नाही.

फरक दिसला तर लगेच पुसू नका, आधी वाचा. फरक एखाद्या नोंदीच्या रकमेइतकाच असेल तर ती नोंद कॉलमपर्यंत पोचली नाही. तिच्या आगेमागे त्याच वस्तूची दुसरी नोंद आहे का पाहा, बहुधा असते. फरक नोंदीच्या दुप्पट असेल तर कुठेतरी अधिकच्या जागी उणे झालं आहे. फरक रोज एकाच वस्तूत वाढत असेल तर कुणीतरी वेगळ्या वाटेने, एखाद्या जुन्या स्क्रिप्टने, थेट कॉलम बदलतंय. मग दुरुस्ती. तीही आपल्याच नियमाने: आधी त्या वस्तूची रो `FOR UPDATE` ने धरायची, मग वेगळ्या वाक्यात बेरीज, मग लेखन. दुरुस्तीचीच स्क्रिप्ट तो सहा पुन्हा लिहून ठेवणार नाही, याची काळजी घ्या.

आणि फळीवर प्रत्यक्ष मोजलं तर तिसराच आकडा निघू शकतो. कुकर फुटतो, चोरीला जातो, चुकीच्या खोक्यात जातो. तो फरक कॉलममध्ये हाताने बदलायचा नाही. 'मोजणीतली तूट' म्हणून `movement` मध्ये नोंद करायची. नाहीतर आजची पडताळणी जुळेल आणि कारण कायमचं हरवेल.

आता थोडक्यात. नोंदी हे मूळ, आकडा ही प्रत. नोंदी थोड्या असतील आणि शून्याची सीमा नसेल, तर आकडा साठवू नका, मोजा. सीमा असेल तर धरायला एक रो हवीच; मग कॉलम ठेवा, पण तो एकाच वाक्यात, अटीसह बदला, आणि `CHECK (stock >= 0)` ही शेवटची राखण लावा. नव्याने मोजून साठवणार असाल तर आधी लॉक, नंतर बेरीज. लॉक धरून बाहेरच्या कुणाची वाट पाहू नका. आणि पडताळणीशिवाय साठवलेला आकडा कुठल्याही प्रणालीत ठेवू देऊ नका.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना एक काम सांगून थांबतो. घरी गेल्यावर `psql` च्या दोन खिडक्या शेजारी उघडा, दोन्हींत `BEGIN` टाइप करा, आणि आजची तिन्ही उदाहरणं स्वतः हाताने चालवून पाहा. सहा कुठून येतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की या विषयावर दुसऱ्या व्याख्यानाची गरज उरणार नाही.